एमसीबी पडला नाही म्हणून

वरळीतल्या जुन्या इमारतीत घर भाड्याने घेऊन शूटिंग चालतं, तेव्हा जनरेटर व्हॅन खाली असली तरी कुणीतरी घरातल्या सॉकेटवर एक केबल टाकतंच. 'एकच तर लाइट आहे!' मग त्या एका एक्स्टेन्शनवर काय काय येतं बघा. दोन किलोवॉटचा लाइट, एक किलोवॉटचा दुसरा आणि दुपारी चहाची किलोवॉटभर किटली. एकूण 4000 वॉट. त्याला 230 व्होल्टने भागलं की सतरा अँपिअरच्या वर जातं. सॉकेट सोळाचं.

तरी एमसीबी पडत नाही, आणि सगळे निर्धास्त होतात. पण सोळाचा एमसीबी साधारण अठरा अँपिअरपर्यंत तासभर तरी पडायचा नाही. तो बनवलेलाच तसा असतो. तोवर वायर तापते. त्यात केबल ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवली असेल, तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. पूर्ण उलगडल्यावर तेरा अँपिअर पेलणारे अनेक ड्रम गुंडाळलेले असताना पाचच अँपिअरसाठी असतात. सकाळी काही जाणवत नाही. संध्याकाळी प्लगला हात लावला की चटका बसतो, पिन काळवंडलेली दिसते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो. पण तो कळायला एव्हाना नाकानेही दमून सुट्टी घेतलेली असते.

शॉकपासून तर एमसीबी वाचवतच नाही. माणूस मरायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो. त्यासाठी 30 मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं. नोव्हेंबर 2024 मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत 'अनुपमा' मालिकेच्या सेटवर कॅमेरा विभागातला एक सहायक विजेच्या धक्क्याने गेला. सी फेसवर पावसाचा सीन असेल तर खारं पाणी जोडांत शिरतं, म्हणून तिथे जोड जमिनीवर नकोत, उंचावर हवेत.

आता माणसाकडे या. लाइटमन सर्वांत आधी येतो, सर्वांत शेवटी जातो. सलग सतरा तास जागा माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखा वागतो, हे 1997 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलंय. अशा माणसाला आपण पॅकअपच्या घाईत चालू लाइनवरचे प्लग खेचायला लावतो. आधी मेन बंद, मग केबल, हा क्रम त्याला माहीत असतो. बाराव्या तासानंतर तो हातात राहत नाही.

स्टंटचंही तेच. हार्नेसची दोरी तपासणारा फायटमास्टरचा माणूस पहाटेपासून उभा असतो आणि उडीचा शॉट मात्र 'शेवटी घेऊ' म्हणून रात्री लागतो. उजेड, कलाकाराच्या तारखा, ही कारणं मला ठाऊक आहेत. ती पटत नाहीत.

निर्मात्यांनो, उडी आणि पाऊस दिवसाच्या पहिल्या अर्ध्या भागात लावा. आणि ज्याच्या हातात डीबीची चावी आहे, त्या लाइटमनने 'थांबा' म्हटलं की दिग्दर्शकानेही थांबायचं, हे कॉलशीटवर लिहून द्या.