खाणींच्या भरवशावर सोन्याचा भाव जोखू नका

सोन्याचा भाव चढला की दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक म्हणतो, "थांबा. एवढा भाव मिळतोय म्हटल्यावर खाणवाले दुप्पट सोनं काढतील आणि भाव खाली येईल." दुसरा म्हणतो, "आत्ताच घेऊन टाका. खाणी संपत आल्यात, आता भाव उतरायचा नाही." दोन्ही सल्ले देणारे मनापासून बोलत असतील, पण घरातल्या लग्नासाठी साठवलेले पैसे यांपैकी कुठल्याच सल्ल्यावर लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोघेही नजर लावून बसलेत ती खाणीकडे, आणि सोन्याच्या भावात खाणीचा वाटा फार लहान असतो.

किती लहान, ते आधी पाहू. माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सोनं साधारण २ लाख १६ हजार टन आहे. सोनं गंजत नाही, सडत नाही आणि फारसं कोणी फेकून देत नाही, त्यामुळे यातलं बहुतेक आजही कुठल्या ना कुठल्या रूपात शिल्लक आहे. दागिने, बिस्किटं, नाणी, रिझर्व्ह बँकेसारख्या मध्यवर्ती बँकांच्या तिजोऱ्या, देवस्थानांचे खजिने असं ते पसरलेलं आहे. जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला सुमारे ३,६०० टन काढतात. म्हणजे ज्या घरात साठ तोळे सोनं आहे, तिथे वर्षभरात एका तोळ्याची भर पडावी, तशी ही भर आहे.

आता समजा, भाव पाहून खाणींनी खरोखरच कंबर कसली आणि उत्पादन दहा टक्क्यांनी वाढवलं. खाणकामात ही फार मोठी उडी मानली जाईल. तरी जास्तीचं सोनं येईल ३६० टन. उलट, ज्यांच्याकडे सोनं आहे त्यांनी शंभरातला फक्त एक भाग विकायला काढला, तर बाजारात २,१६० टन येईल, तेही काही आठवड्यांत. त्यासाठी सुरुंग लावायला नको, परवानगी नको, यंत्रं नकोत. कपाट उघडलं की झालं.

खाणी भावामागे धावू शकत नाहीत याचं पहिलं कारण सर्वांना समजण्यासारखं आहे. नवी खाण म्हणजे आधी वर्षानुवर्षं भोकं पाडून दगडाचे नमुने तपासायचे, मग जमीन, पाणी, जंगल यांच्या परवानग्या, मग भांडवल, मग बांधकाम. साठा सापडल्यापासून पहिली वीट ओतेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. बंद पडलेली खाण पुन्हा सुरू करणंही सोपं नसतं. कोलारचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. ती खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली तेव्हा जगात सोन्याचा भाव औंसाला २६५ डॉलरच्या आसपास होता. २०२५ पर्यंत तो दहापटीहून जास्त झाला, तरी तीन किलोमीटरहून खोल गेलेले ते बोगदे पुन्हा चालू झालेले नाहीत. उपसा थांबला की खाणीत पाणी भरतं, आधार ढासळतात, आणि एवढ्या खोलीवर उरलेला दगडही फारसा कसदार नसतो. कोलारने सुमारे १२० वर्षांत जेमतेम ८०० टन सोनं दिलं. आपला देश हल्ली साधारण तेवढंच सोनं एका वर्षात बाहेरून आणतो.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. भाव चढल्यावर चालू खाणीतून निघणारं सोनं काही काळ चक्क कमी होऊ शकतं.

१९७० साली दक्षिण आफ्रिकेच्या खाणींनी सुमारे एक हजार टन सोनं काढलं. जगातल्या त्या वर्षीच्या उत्पादनाचा हा दोन तृतीयांश भाग होता. तेव्हा भाव होता औंसाला ३५ डॉलरच्या जवळपास. पुढच्या दहा वर्षांत भाव भडकत गेला आणि जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरपर्यंत पोचला. एवढ्या भावाला तिथलं उत्पादन किती वाढलं असेल? ते घटून पावणेसातशे टनांच्या आसपास आलं.

हे कसं झालं, ते एका हिशोबाने स्पष्ट होईल. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत. एक टन दगड खणून, वर आणून, दळून त्यातून सोनं काढायला ५,००० रुपये खर्च येतो आणि सोनं ग्रॅमला १,००० रुपये आहे, असं धरा. मग ज्या दगडात टनाला पाच ग्रॅमहून कमी सोनं आहे, तो खणण्यात तोटाच. खाणवाला कसदार दगड निवडून काढतो. आता भाव ग्रॅमला २,००० झाला. काल तीन ग्रॅमचा म्हणून जो दगड सोडून दिला होता, तो आज फायद्याचा झाला, आणि खाणवाला त्यालाही हात घालतो. पण दगड वर आणणारा पाळणा तोच, दळणारा कारखाना तोच. महिन्याला एक लाख टन दगड दळणाऱ्या कारखान्यात तेरा ग्रॅमचा दगड गेला तर १,३०० किलो सोनं निघतं. त्याच कारखान्यात सात ग्रॅमचा दगड गेला की निघतं ७०० किलो. कारखाना रात्रंदिवस चालतोय, मालकाला नफा होतोय आणि सोनं मात्र कमी येतंय.

तेरा आणि सात हे आकडे मी उगाच घेतले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १९७० साली दळलेल्या टनामागे सरासरी तेरा ग्रॅमच्या आसपास सोनं मिळत होतं, आणि दशक संपता संपता ते सातच्या घरात आलं. उत्पादन घटायला इतरही कारणं होती. उदाहरणार्थ, १९७४ मध्ये मलावीने आपले मजूर परत बोलावले आणि खाणींना माणसांची टंचाई जाणवली. पण मुख्य गोष्ट दगडाच्या घसरलेल्या कसाची होती. खाणवाल्याच्या दृष्टीने यात शहाणपणही आहे. कसदार दगड वाईट दिवसांसाठी राखायचा आणि चांगल्या भावात हलका दगड संपवायचा, म्हणजे खाण जास्त वर्षं चालते.

मग भावाला उत्तर मिळालंच नाही का? मिळालं, पण उशिरा आणि दुसरीकडून. १९८० च्या भावाने अमेरिकेतल्या नेवाडात आणि ऑस्ट्रेलियात शोधाला, नव्या तंत्राला आणि भांडवलाला वाव मिळाला. हलका दगड उघड्यावर ढीग घालून त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण झिरपवायचं आणि त्यात उतरलेलं सोनं वेगळं करायचं, ही पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर वापरात आली. १९८० साली अमेरिका ३० टनांच्या आसपास सोनं काढत होती, १९९० साली ते २९० टनांच्या जवळ गेलं. पण १९९० साली भाव ८५० राहिला नव्हता, चारशे डॉलरच्याही खाली होता. ज्या भावाने खाणी उघडल्या, तो भाव खाणी चालू होईपर्यंत निघून गेला होता.

असंच आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडलं. सप्टेंबर २०११ मध्ये भाव १,९०० डॉलरला टेकला आणि डिसेंबर २०१५ पर्यंत १,०५० च्या आसपास उतरला. तरी खाणींचं उत्पादन २०१८ पर्यंत वाढतच राहिलं, कारण चढत्या भावात सुरू केलेली कामं आता पुरी होत होती. त्यानंतर उलटं झालं. २०१८ ते २०२४ या काळात वर्षाचा सरासरी भाव जवळपास दुप्पट झाला, पण वर्षाचं उत्पादन होतं तिथेच, साडेतीन हजारांच्या थोडं वर राहिलं.

म्हणून भाव का हलतो हे समजून घ्यायचं असेल तर ज्यांच्या हातात आधीच सोनं आहे, त्यांच्याकडे बघा. २०१३ साली भाव सव्वा टक्के-दीड टक्के नव्हे, पाव हिश्श्याहून जास्त पडला. त्या वर्षी खाणींमधून काही सोन्याचा पूर आला नव्हता. पाश्चात्त्य देशांतल्या गुंतवणूकदारांनी गोल्ड ईटीएफमधून सुमारे ८८० टन सोनं काढून घेतलं होतं. याच्या उलट, २०२२ पासून तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं आणि भावाला मोठा आधार मिळाला.

आणि या साठ्याचे मालक आपणही आहोत. भारतीय घरांमध्ये अंदाजे २५ हजार टन सोनं आहे असं मानलं जातं, म्हणजे जगातल्या सगळ्या खाणींचं सुमारे सात वर्षांचं काम. २००९ च्या सुरुवातीला दहा ग्रॅमचा भाव १५,००० रुपयांवर गेला, तेव्हा झवेरी बाजारात जुन्या सोन्याची मोड इतकी आली की काही आठवडे देशाची सोन्याची आयात जवळजवळ थांबली होती. त्या वर्षी जगभर मोडीतून बाजारात आलेलं सोनं आदल्या वर्षीपेक्षा तीनशे टनांहून जास्त होतं. खाणींना एवढी वाढ करायला एरवी काही वर्षं लागतात. तुमच्या ओळखीच्या सराफाला एवढंच विचारा की या महिन्यात लोक नवं घेताहेत की जुनं मोडताहेत. एखाद्या नव्या खाणीच्या बातमीपेक्षा त्या उत्तरातून तुम्हाला जास्त कळेल. त्यावरून उद्याचा भाव सांगता येणार नाही, पण बाजारात माल कुठून येतोय हे तरी दिसेल.

म्हणून लग्न दोन वर्षांवर असेल तर "खाणी वाढतील, भाव पडेल" या आशेवर खरेदी लांबवू नका. त्या दोन वर्षांत कुठलीच खाण तुमच्यासाठी काही करू शकणार नाही. थोडं थोडं घेत जा, आणि जेवढे पैसे मोकळे आहेत तेवढ्याचंच घ्या. "खाणी संपत आल्यात" म्हणून कर्ज काढून सोनं घ्यायला कोणी सांगत असेल, तर त्याला सरळ नाही म्हणा. खाणी उद्या बंद पडल्या तरी वर आलेले २ लाख १६ हजार टन कुठे जात नाहीत.

नव्या साठ्याची बातमी आली, किंवा त्यावर कोणी पैसे मागायला आलं, तर एक गोष्ट नक्की तपासा. सांगितलेले टन दगडाचे आहेत की सोन्याचे? फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजारांहून जास्त टन सोनं सापडल्याची बातमी देशभर गाजली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने लगेच खुलासा केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तिथे सुमारे ५२,८०६ टन खनिज होतं आणि त्यात टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं होतं. हा गुणाकार घरबसल्या करता येतो, आणि उत्तर येतं १६० किलो.