चड्डीचा नियम

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवून झाल्यावर दुसरीतल्या मुलीने विचारलं, “बाई, मग इंजेक्शन वाईट ना?” प्रश्न बरोबर होता. इंजेक्शन दुखतं, पण ते चुकीचं नाही. उलट गैरहेतूने केलेल्या गुदगुल्यांना मूल हसूही शकतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला भावनेवरून निवाडा करायला लावण्यापेक्षा नियम द्यावा: चड्डीखालचे अवयव खासगी. ते कुणी पाहायचे नाहीत, हात लावायचा नाही, आपले दाखवायचेही नाहीत. अपवाद दोनच, स्वच्छता आणि उपचार. डॉक्टर तपासतील तेव्हा आई-बाबा किंवा विश्वासातलं मोठं माणूस सोबत हवं. अवयवांची नावं सरळ सांगावीत. ‘शू-शूची जागा’ असं मोघम बोललं, की मुलाची तक्रार ऐकणाऱ्यालाच कळत नाही.

विश्वासाची माणसं मुलानेच निवडावीत. पंजा गिरवून प्रत्येक बोटावर एक नाव, त्यातलं एक तरी घराबाहेरचं; कारण त्रास देणारा बहुधा ओळखीतलाच असतो. पहिल्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्या बोटाकडे जायचं, हेही शिकवावं.

त्या पंजावर तुमचं नाव असेल, तर एखादं मूल खरंच येईल. तेव्हा “काकांनीच केलं का?” असं सुचवू नका. “मग काय झालं?” एवढंच विचारा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; १०९८ ही हेल्पलाइनही आहे. शाळेची अब्रू नंतर.