हप्ता ठरवतानाच थकबाकीचाही ठराव करा

भिवंडी तालुक्यात, वसई-दिवा रेल्वेमार्गावरच्या खारबावसारख्या गावांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारती आता मोठ्या दुरुस्तीला आल्या आहेत. भिवंडीत दुरुस्ती लांबणीवर टाकण्याची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे कोसळली आणि अनेकांचा जीव गेला. त्यामुळे दुरुस्ती करायची की नाही, हा सभेपुढचा वाद नसतो. वाद असतो कर्जाचा वाटा कुणी किती उचलायचा याचा. आणि एखाद्या सभासदाला तो उचलणे शक्यच नसेल तर काय, हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही. तो वर्षभराने थकबाकीच्या यादीतून समोर येतो.

एक हिशेब मांडू. समजा, इमारतीत 24 सदनिका आहेत. त्यांतल्या 16 प्रत्येकी 450 चौरस फुटांच्या आणि 8 प्रत्येकी 600 चौरस फुटांच्या, म्हणजे एकूण क्षेत्र 12,000 चौरस फूट. दुरुस्तीचा अंदाज 36 लाखांचा, हाताशी निधी 6 लाखांचा आणि कर्ज 30 लाखांचे. 12 टक्के दराने पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 66,733 रुपये येतो. नेहमीचे सेवाशुल्क सर्वांना सारखे असते, पण आदर्श उपविधींत मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्यायचा आहे. त्यानुसार लहान सदनिकेचा वाटा 2,502 रुपये आणि मोठीचा 3,337 रुपये होतो. सरसकट समान वाटणी केली तर प्रत्येकाला 2,781 रुपये पडतात. म्हणजे लहान घरातला माणूस दरमहा 279 रुपये जास्त भरतो आणि बहुधा सर्वांत आधी थकतोही तोच.

दुसरी चूक रोख भरणाऱ्यांच्या बाबतीत होते. लहान सदनिकेचा मुद्दलातला वाटा 1,12,500 रुपये आहे. ज्याला तो एकदम भरता येतो त्याच्याकडून काम सुरू होण्यापूर्वी घ्यावा आणि कर्ज तेवढ्याने कमी काढावे. आधी 30 लाख उचलून, मग रोख भरणाऱ्यालाही व्याजाच्या हप्त्यात ओढले तर भांडण ठरलेलेच. व्याज त्यानेच सोसावे ज्याने मुदत घेतली. यासाठी कर्जाच्या वाट्याची प्रत्येक सदनिकेची स्वतंत्र खातेवही हवी. सेवाशुल्क, पार्किंग आणि दंड यांच्या बिलात हा हप्ता मिसळला की पुढे कोणती रक्कम कशाची हे सिद्ध करता येत नाही.

आता न भरणाऱ्याचे पाहू. बँकेच्या लेखी कर्जदार संस्था असते, तो एकटा सभासद नव्हे. त्यामुळे लहान सदनिकांतल्या तिघांनी हप्ता थांबवला तरी बँक पूर्ण 66,733 रुपयेच मागते. वर्षाला सुमारे 90 हजारांची तूट पडते आणि ती उरलेले 21 जण भरतात. म्हणूनच लोक चिडतात आणि समितीवर कठोर होण्याचा दबाव येतो. मग पाणी तोडणे किंवा जिन्यात नाव लावणे असले उपाय सुचतात. यांतला एकही वसुलीचा कायदेशीर मार्ग नाही, आणि पाणी तोडणारी समिती स्वतःच आरोपीच्या जागी उभी राहते.

कायद्याचा मार्ग स्पष्ट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातील कलम 154ब-29 नुसार संस्था थकबाकीसाठी निबंधकाकडे अर्ज करते आणि चौकशीनंतर वसुली दाखला मिळतो. त्याची अंमलबजावणी कलम 156 आणि नियम 107 खाली होते: आधी मागणी नोटीस, मग जप्ती, शेवटी सदनिकेचा लिलाव. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर सभासदाला आधी दाखल्यातील रकमेच्या निम्मी रक्कम संस्थेकडे भरावी लागते. ज्याच्याकडे दरमहा अडीच हजार नाहीत, त्याच्याकडे ही रक्कम कुठून येणार? त्याच्यासाठी दाद मागण्याचे दार इथेच जवळजवळ बंद होते. म्हणून दाखल्यातला आकडा बिनचूक असणे ही समितीची जबाबदारी ठरते.

हा आकडा बहुतेकदा व्याजात चुकतो. 2014 च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला कमाल 21 टक्के व्याज घेता येते आणि ते सरळव्याज असते. बिलाचे सॉफ्टवेअर मात्र मागच्या महिन्याचे व्याज मुद्दलात धरून पुढचे व्याज लावते. 2,502 रुपयांचा हप्ता साठ महिने थकला तर सरळव्याजाने येणे सुमारे 2,30,000 रुपये होते, चक्रवाढीने सुमारे 2,66,000. हा 36 हजारांचा फरक संस्थेच्या हक्काचा नाही. आपल्या संस्थेत हे घडते आहे का, ते तपासायला एका थकबाकीदाराचे व्याज हाताने काढून बिलाशी ताडून पाहणे पुरेसे आहे. शिवाय 21 टक्के ही मर्यादा आहे, सक्ती नव्हे.

न भरणारा आणि भरू न शकणारा यांच्यात फरक करायचा तर तो कर्जाच्या ठरावातच करावा. नंतर दिलेली सवलत ओळखीपोटी दिलेली वाटते, आधी ठरवलेली सर्वांना सारखी लागू होते. नोकरी जाणे, मोठे आजारपण किंवा कमावत्याचा मृत्यू अशी कारणे ठरावात लिहावीत. कागद दाखवणाऱ्याला ठरावीक महिने अर्धा हप्ता, उरलेल्यावर बँकेच्या दराइतकेच व्याज आणि बाकीची रक्कम मुदतीच्या शेवटी किंवा सदनिका विकताना भरण्याचे लेखी कबुलीपत्र, अशी सोय सभा करू शकते. तूट भागवण्यासाठी दोन हप्त्यांइतकी रक्कम सुरुवातीलाच सर्वांकडून राखीव घ्यावी. सिंकिंग फंडाला यासाठी हात लावू नये. तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी असतो, कुणाचा हप्ता भरण्यासाठी नाही. आणि कुणी एक हजार आणून दिले तर ‘पूर्ण आणा’ म्हणून परत पाठवू नये. पावती द्यावी.

या सोयीला मर्यादा आहे. ऐपत असून अडून बसणाऱ्याला ती लागू नाही, त्याच्यावर वेळेत अर्जच करावा. आणि जिथे संस्थेची नोंदणीच झालेली नाही तिथे यातले काहीच चालत नाही, कारण संस्थाच नाही तर दाखला मागणार कोण? अशा इमारतींत कर्जाच्या आधी नोंदणीचे काम हाती घ्यावे लागेल.

सचिव, लेखापरीक्षक आणि वसुली अधिकारी हे या मासिकाचे वाचक आहेत. त्यांना एकच विनंती: पुढच्या दुरुस्ती-कर्जाच्या ठरावाचा मसुदा तुमच्या हातात येईल तेव्हा त्यात तीन कलमे आहेत का ते पाहा: क्षेत्रफळानुसार वाटा, रोख भरणाऱ्याची वजावट आणि अडचणीतल्या सभासदाची सोय. तिन्ही नसतील तर तो मसुदा सभेपुढे जाऊ देऊ नका.