साडी परत आली तेव्हा



दशलक्षण पर्वात मी बोलू नये ते बोलले. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, म्हणून यंदा तिने उपवासाऐवजी एकाशन धरलं. स्वाध्यायाला दहा-बारा जणी बसल्या होत्या आणि मी हसत म्हणाले, "औषधाचं निमित्त बरं सापडतं काही जणींना." तेही उत्तम क्षमेच्या दिवशी! ती उठून गेली. नंतर फोनवर आमचं चांगलंच वाजलं.

क्षमावाणीला मी मोबाईलवरून सगळ्यांना पाठवला तोच संदेश तिलाही पाठवला. मुलाच्या हाती एक भारी साडी दिली. संध्याकाळी घडीही न मोडता ती परत आली.

आधी राग आला. मग कळलं, साडी घेतली असती तर तिला मला माफ करावंच लागलं असतं. तेवढ्याच तोलाची परतभेट करायचं ओझंही तिच्यावर पडलं असतं. आणि मी चूक कुठे कबूल केली होती? प्रतिक्रमणात आपण आलोचना करतो, ती दोषाचं नाव घेऊन. इथे मी नाव टाळून नुसती किंमत मोजत होते.

चार दिवसांनी एकटीच गेले, रिकाम्या हाताने. "तुला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द मी ठरवून टाळले, कारण त्या "तर" मध्ये दोष समोरच्याच्या मनावर जातो. म्हणाले, "तुझ्या आजाराची मी चारचौघींत थट्टा केली. ते खोटं होतं आणि दुष्टपणाचं होतं." ती म्हणाली, "बरं." एवढंच. पुढच्या स्वाध्यायाला त्याच बायकांसमोर मी तेच पुन्हा सांगितलं. घरात मागितलेली माफी तिथे पोचत नाही ना!

भेट त्यानंतर. तिचा मर्यादेच्या पिठाचा नियम आहे: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ज्वारी निवडून, घरघंटी पुसून, अंघोळ करून किलोभर पीठ दळलं. स्वच्छ डब्यात भरून वर दळल्याचा दिवस लिहिला. दोन माणसांत ते तीन दिवसांत संपतं, म्हणजे भेट कपाटात राहून उपकाराची आठवण देत नाही. शिवाय जिच्या नियमाला मी हसले, तो नियम पाळूनच ते दळलेलं होतं. चिठ्ठी, मिठाई काही ठेवलं नाही. मिठाई तर तिच्या आजाराला पुन्हा डिवचणंच झालं असतं.

कुणी म्हणेल, दोन्ही भेटीच, फरक काय? माझ्या मते एकच. हे पीठ तिने परत पाठवलं असतं तरी मी केलेली कबुली परत आली नसती. साडीच्या वेळी कबुलीच नव्हती.

चौथ्या दिवशी डबा धुऊन आला. रिकामा. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, निदान चार दाणे साखरेचे घालतात, म्हणून मन जरा खट्टू झालं. अजून ती पूर्वीसारखी दुपारची येत नाही. परवा मात्र मंदिराच्या पायरीवर थांबून विचारलं तिने, "ज्वारी कुठली होती गं? भाकरी चांगली फुगली."