जत ते गुड्डापूर: नेटवर्क गेलं तर मनगटावरचं घड्याळ रस्ता दाखवेल का?

जतहून गुड्डापूरच्या दानम्मा देवीला काही जण दुचाकीने जातात, तर काही पायी. सांगली जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला गावं लांब-लांब आहेत आणि पुढे लगेच कर्नाटकची हद्द लागते. अशा रस्त्यावर मोबाईलची रेंज गेली, तर स्मार्टवॉचवरचं नेव्हिगेशन चालतं का?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण कुठे आहोत हे जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलवरून कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा उघडायला आणि मार्ग शोधायला. म्हणून रेंज गेल्यावर निळा ठिपका सरकत राहतो, पण त्याच्या मागचा नकाशा कोरा दिसतो.

यावर उपाय म्हणजे घरच्या वायफायवर नकाशा उतरवून ठेवणं. गुगल मॅप्समध्ये प्रोफाईलच्या फोटोवर टॅप करून `Offline maps` आणि मग `Select your own map` निवडा. चौकटीत जत आणि गुड्डापूरसोबत विजयपूरकडचा भागही घ्या, म्हणजे वळण चुकून हद्द ओलांडली तरी नकाशा सोबत राहील. हे नकाशे ठरावीक काळाने कालबाह्य होतात, त्यामुळे निघण्याआधी ते अपडेट करा.

खरी मेख पुढे आहे. गुगल मॅप्स ऑफलाईन असताना गाडीचा मार्ग देतं, पायी चालण्याचा देत नाही. दुचाकीसाठीचा खास शॉर्टकटही त्यात मिळेलच असं नाही. म्हणून पायी जाणाऱ्यांनी रेंज असतानाच मार्ग सुरू करावा. वाटेत तो बंद केला, तर रेंज येईपर्यंत पुन्हा मिळणार नाही. ॲपल मॅप्समध्ये आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, नकाशे ऑफलाईन ठेवता येतात आणि त्यात पायी मार्गही मिळतो. मात्र घड्याळावर ते पाहायचे तर आयफोन सुरू आणि जवळ असावा लागतो.

आता कंपनाचं बघू. २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या ॲपल वॉचमध्ये उजव्या वळणासाठी सलग बारा ठोके होते आणि डाव्यासाठी दोन-दोनच्या तीन जोड्या. पायी चालताना हा फरक कळतो. दुचाकीच्या हँडलची थरथर आणि खड्डे यांत तो हरवतो. अनेक घड्याळं तर फक्त ‘वळण आलं’ एवढंच सांगतात, दिशा सांगत नाहीत. त्यामुळे दुचाकीवर कानातला आवाज बंद ठेवून केवळ कंपनावर विसंबणं धोक्याचं आहे. पट्टा घट्ट बांधा, आणि कंपन जाणवलं पण दिशा कळली नाही तर कडेला थांबून स्क्रीन बघा.

कायदाही हेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही एकाग्रता न मोडता.

तयारी झाली का, हे निघण्याआधी घरीच तपासता येतं. फोन आणि घड्याळ दोन्हींचं मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा, ब्लूटूथ मात्र सुरू ठेवा. मग गुड्डापूरचा मार्ग शोधा. तो घड्याळावर दिसला, तर नकाशा नीट उतरलेला आहे.