Explained: ‘नागास्त्र’ परत बोलावता येतं, पण रेंज संपल्यावर काय?

मुदखेडहून नांदेड रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर. हे अंतर डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने बनवलेलं ‘नागास्त्र-1’ हे आत्मघाती ड्रोन. जून 2024 मध्ये लष्कराला 120 ड्रोनची पहिली खेप मिळाली. वजन सुमारे 9 किलो, त्यात किलोभर स्फोटकं. ते लक्ष्यावर घिरट्या घालतं आणि आदेश मिळाला की झेपावतं. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर त्याला परत बोलावता येतं आणि पॅराशूटने ते उतरतं.

ही सोय फक्त पैसे वाचवण्यासाठी नाही. हल्ला सुरू असताना तिथे सामान्य नागरिक असल्याचं, अपेक्षित लष्करी फायद्याच्या तुलनेत त्यांचं नुकसान फार मोठं असल्याचं दिसलं, तर हल्ला थांबवावा, असं आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा सांगतो. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमधलं हे कलम 57. भारत या प्रोटोकॉलमध्ये सहभागी नाही. मात्र रेड क्रॉसच्या मते ही प्रथा म्हणून सर्वांवर बंधनकारक आहे.

मग अडतं कुठे?

ऑपरेटर स्क्रीनवर व्हिडिओ बघत ड्रोन चालवतो, ती रेंज सुमारे 15 किलोमीटर. स्वयंचलित पद्धतीने ते 30 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे मुदखेडहून सोडलेलं ड्रोन नांदेडला पोहोचेल, पण ऑपरेटरच्या नजरेआड. लक्ष्याचे जीपीएस आकडे उड्डाणाआधीच भरलेले. आकडे तेच राहतात; तिथली परिस्थिती बदलू शकते. सैनिकांचा ट्रक निघून गेला आणि त्याच जागी शाळेची बस थांबली, तर ‘थांब’ कोण म्हणणार?

तरीही इथे लक्ष्य माणसानेच निवडलेलं असतं, म्हणून हे पूर्ण स्वायत्त शस्त्र नव्हे. इस्रायली ‘हार्पी’ त्याच्या जास्त जवळ जातं. ते शत्रूच्या रडारचे सिग्नल स्वतः हुडकून त्यावर आदळतं. रडारच्या शेजारी कोण राहतं, हे सिग्नलला कळत नाही.

भारताची भूमिका

डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वायत्त शस्त्रांवरचा ठराव 152 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. चार विरोधकांत भारत होता. ही चर्चा जिनिव्हातल्या तज्ज्ञगटातच व्हावी, हे भारताचं म्हणणं. ते समजण्यासारखं आहे. पण तो गट सर्वसहमतीने चालतो, म्हणजे एका देशाचा नकारही पुरतो.

‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रण’ या शब्दांवर तिथे वर्षानुवर्षं खल चालू आहे. त्यातला एक भाग मात्र थेट सॉफ्टवेअरचा आहे. संपर्क तुटला तर ड्रोनने पुढे जायचं, घिरट्या घालायच्या की मागे फिरायचं? हे डिझाइन करतानाच ठरतं. युद्धात जॅमिंग होतंच, त्यामुळे संपर्क तुटणं हा अपवाद धरता येत नाही. खरेदीच्या अटींत ‘मागे फिरा’ हे डिफॉल्ट लिहायला जिनिव्हाची परवानगी लागत नाही.