‘चष्म्याचे घर’ रोबोला कसे सापडणार?

पुण्यात दिघी येथे असलेल्या ‘डीआरडीओ’च्या आस्थापनेत ‘दक्ष’ नावाचा रोबो घडला. संशयास्पद वस्तूजवळ माणसाऐवजी यंत्राने जावे, यासाठी तो बनवला गेला आणि २०११मध्ये लष्कराकडे सुपूर्द होऊ लागला. त्याला कॅमेरे आहेत, हात आहे, तो जिनाही चढतो. पण समोर दिसणारी पिशवी कोणती आणि डबा कोणता, हे ओळखण्याचे काम त्याचे नाही. दूर सुरक्षित जागी बसलेला प्रशिक्षित जवान पडद्यावर पाहतो आणि निर्णय घेतो. डोळा यंत्राचा, नजर माणसाची, अशी ही विभागणी आहे.

आता ही विभागणी मोडू पाहणारे रोबो प्रयोगशाळांतून घरांकडे निघाले आहेत. त्यांना बटणे दाबून चालवायचे नाही, बोलून सांगायचे. ‘टेबलावरचा चष्मा आण’ म्हटले की रोबोने वाक्य समजून घ्यायचे, कॅमेऱ्यातून खोली पाहायची, वस्तू शोधायची आणि आणून द्यायची. पक्षाघातानंतर एका बाजूची ताकद गेलेले रुग्ण, संधिवाताने वाकता न येणारे ज्येष्ठ किंवा मुले परदेशी असल्याने एकटे राहणारे आई-वडील यांच्यासाठी या कामाचे मोल मोठे आहे. म्हणूनच हा रोबो वस्तू ओळखतो तरी कसा आणि चुकतो कुठे, हे विकत घेण्याच्या आधी समजलेले बरे.

दहा वर्षांपूर्वीची यंत्रे ठरावीक यादीतल्याच वस्तू ओळखत. संशोधनात फार वापरल्या गेलेल्या ‘कोको’ या चित्रसंग्रहाच्या यादीत ८० प्रकार आहेत. त्यात छत्री आहे, कात्री आहे, बाटली आहे. पण चष्मा नाही, आधाराची काठी नाही, गोळ्यांची डबीही नाही. यादीत नसलेली वस्तू त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसे.

२०२१मध्ये ‘ओपनएआय’ या कंपनीने ‘क्लिप’ हे मॉडेल मांडले आणि यादीची अट सैल झाली. इंटरनेटवरची सुमारे ४० कोटी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर अशा जोड्या त्याला दाखवण्यात आल्या. चित्राचे आकड्यांच्या एका लांब ओळीत रूपांतर करायचे, वाक्याचेही तसेच करायचे आणि जोडीतले चित्र व वाक्य एकमेकांच्या जवळ येतील, इतरांपासून दूर जातील, असा सराव मॉडेलकडून करून घ्यायचा. या सरावानंतर कोणतेही वाक्य आणि कोणतेही चित्र एकमेकांशी किती जुळते, याचा गुण काढता येतो. अशा प्रकाराला ‘व्हिजन-लँग्वेज मॉडेल’ म्हणतात. चित्रातल्या नेमक्या भागावर चौकट आखून देणारी मॉडेल्स त्यानंतर वर्षभरातच आली.

समजा, कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या घरात एक आजी रोबोला म्हणतात, “अरे, माझ्या चष्म्याचं घर आण.” पहिल्या टप्प्यात आवाजाचा मजकूर होतो. दुसऱ्या टप्प्यात त्यातून हवी ती वस्तू वेगळी काढली जाते. तिसऱ्या टप्प्यात कॅमेऱ्यातल्या दृश्याच्या प्रत्येक भागाला ‘ही वस्तू त्या शब्दांशी किती जुळते’ याचे गुण मिळतात. चौथ्या टप्प्यात सर्वाधिक गुणांची वस्तू किती अंतरावर आहे ते मोजले जाते आणि शेवटी चाके व हात कामाला लागतात.

अडचण पहिल्या दोन टप्प्यांतच सुरू होते. ही मॉडेल्स मुख्यतः इंग्रजी मजकुरावर वाढलेली असल्याने अनेकदा मराठी वाक्याचे आधी भाषांतर करावे लागते. ‘चष्म्याचे घर’ याचे शब्दशः भाषांतर झाले, तर रोबो खोलीत घर शोधत बसेल. ‘तांब्या-भांडे’ म्हणताना भांडे म्हणजे पाणी प्यायचे छोटे भांडे, हे पुणेकराला सांगावे लागत नाही. भाषांतरात मात्र ते कोणतेही पातेले होऊ शकते. ‘त्या पिशवीमागची डबी, पिशवी नको’ हे तर आणखी अवघड. ‘क्लिप’सारखी मॉडेल्स वाक्यातल्या शब्दांची नोंद बऱ्यापैकी घेतात, पण ‘मागे-पुढे’, ‘डावे-उजवे’ आणि विशेषतः ‘नको’ यांचा अर्थ लावताना चाचपडतात. पिशवी हा शब्द ऐकला की पिशवीलाच गुण वाढतात.

भाषा नीट समजली असे गृहीत धरू. तिसऱ्या टप्प्यातला धोका अधिक खोल आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. उदाहरणासाठी आकडे घेऊ. टेबलावरच्या चष्म्याच्या घराला ०.३४ गुण मिळाले, शेजारच्या काळ्या पाकिटाला ०.२९ आणि टीव्हीच्या रिमोटला ०.०८. रोबोने चष्म्याचे घर उचलले, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी आजींनी ते उशीखाली ठेवले. आता टेबलावर सर्वाधिक गुण पाकिटाला आहेत. जुळवणीचे गणित ‘सर्वांत जास्त काय जुळते’ एवढेच सांगते. ‘हवी ती वस्तू इथे नाहीच’ हे ते आपणहून सांगत नाही. रोबो त्याच आत्मविश्वासाने पाकीट घेऊन येईल.

यावर उपाय म्हणून किमान गुणांची मर्यादा ठरवतात. मर्यादा ०.३० ठेवली, तर पाकीट बाद होते आणि रोबो ‘सापडले नाही’ म्हणतो. पण संध्याकाळी दिवा मंद असताना खऱ्या चष्म्याच्या घरालाच ०.२७ गुण मिळाले, तर समोर असूनही तो ‘सापडले नाही’ म्हणेल. वैतागून मर्यादा ०.२५ केली की पाकीट पुन्हा आत. वैद्यकीय चाचण्यांमध्ये हा पेच जुना आहे. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असली तर मधुमेह, ही रेषा खाली आणली तर निरोगी माणसांवर शिक्का बसतो. वर नेली तर रुग्ण निसटतात. कोणती चूक परवडते, हे ठरवल्याशिवाय रेषा आखता येत नाही. चष्म्याऐवजी पाकीट आले तर आजी हसतील. गोळीच्या बाबतीत तसे नाही.

प्रत्यक्ष घरांत काय घडते, याचे चांगले मोजमाप न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने २०२४मध्ये मांडले. ‘ओके-रोबो’ नावाची त्यांची रचना दहा खऱ्या घरांत नेण्यात आली. आधी आयफोनने घर चित्रित करायचे, त्यावरून वस्तूंचा नकाशा तयार करायचा आणि मग शब्दांत सांगितलेली वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची, असे काम होते. रोबोला ते ५८.५ टक्के वेळा जमले. पसारा आवरल्यावर यशाचे प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांवर गेले. अपयशाच्या कारणांत सर्वांत वरचे होते ते योग्य वस्तू न ओळखता येणे. पकडीतल्या आणि यंत्रसामग्रीतल्या अडचणी त्यानंतर. शिवाय नकाशा एकदाच केलेला असल्याने त्यानंतर हलवलेली वस्तू रोबोच्या लेखी जुन्याच जागी होती. ज्या घरात वस्तू सापडत नाहीत म्हणून रोबो हवा असतो, तिथे नेमक्या त्याच सारख्या हलत असतात.

आपल्या घरांची स्वतःची अशी आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. स्टीलची चकचकीत भांडी आणि काचेचे पेले यांच्यावर अंतर मोजणारे कॅमेरे फसतात. प्रकाश भलतीकडे परावर्तित होतो किंवा आरपार जातो, त्यामुळे वस्तू दिसूनही ती नेमकी कुठे आहे हे कळत नाही. दुसरे म्हणजे आपण डबे टाकून देत नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुई-दोरा असतो आणि शक्तिवर्धक पेयाच्या बरणीत तूरडाळ. ‘क्लिप’ चित्रातली अक्षरेही वाचते आणि कधी कधी वस्तूपेक्षा अक्षरांवर अधिक विश्वास ठेवते. ‘ओपनएआय’च्याच संशोधकांनी २०२१मध्ये सफरचंदावर ‘आयपॉड’ असे लिहिलेला कागद चिकटवला, तेव्हा मॉडेलने त्या सफरचंदाला आयपॉड ठरवले. मराठी स्वयंपाकघरात अशी ‘सफरचंदे’ प्रत्येक फळीवर आहेत.

आता औषधांकडे येऊ. ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचे औषध १ आणि २ मिलिग्रॅम अशा मात्रांत मिळते. एकाच कंपनीच्या दोन पट्ट्यांत फरक बहुधा एका बारीक आकड्याचा. ‘क्लिप’च्या मूळ रूपांपैकी अनेक रूपे चित्र २२४ बाय २२४ ठिपक्यांपर्यंत लहान करून पाहतात, त्यात तो आकडा पुसला जातो. पट्टी उलटी पडलेली असेल, नाव असलेला कोपरा कापला गेला असेल, तर अक्षरेच उरत नाहीत. दुप्पट मात्रा गेल्याने वयस्कर रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि एकट्या घरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे दिसण्यावरून अंदाज बांधणारे यंत्र पुरेसे नाही. भारतात १ ऑगस्ट २०२३पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. रोबोने औषध द्यायचेच असेल, तर त्याने तो कोड वाचावा आणि कोड दिसला नाही तर हात मागे घ्यावा. तोपर्यंत आठवड्याच्या खणांची, घरच्या माणसाने भरलेली डबी हीच अधिक सुरक्षित. ती डबी आणण्यापुरता रोबो उपयोगी आहे.

असा रोबो दाखवायला कुणी आले, तर त्याला सापडणारी वस्तू मागण्यात अर्थ नाही. ती तो आणणारच. तीन गोष्टी मागून पाहाव्यात. खोलीत मुळीच नसलेली वस्तू मागावी आणि तो ‘नाही’ म्हणतो का, हे पाहावे. एकसारख्या दोन डब्या ठेवून ‘खिडकीजवळची आण’ असे सांगावे. कोणती ते नक्की कळत नसेल तर तो विचारतो का, हे पाहावे. आणि बिस्किटांच्या डब्यात दोरा ठेवून तो दोरा मागावा. प्रत्येक चाचणी दिवसा आणि रात्री दिव्याच्या उजेडात, किमान दहा-दहा वेळा करावी. एकदा जमले म्हणजे जमतेच, असे नसते. पहिल्या चाचणीत जो रोबो रिकाम्या हाताने परत येऊन ‘इथे नाही’ असे सांगतो, त्याच्यावर चष्मा, रिमोट आणि काठी सोपवायला हरकत नाही. जो दर वेळी काही ना काही घेऊनच येतो, त्याला औषधांच्या कपाटापासून दूर ठेवावे.